चेंडूगणिक

दैनंदिनी, पत्र, बखर, प्रवासवर्णन असे गद्याचे अनेक प्रकार आपण वर्गात शिकवतो. या सर्वांमध्ये एक गोष्ट समान असते: लिहिणारा घटनेच्या पलीकडे उभा असतो. रोजनिशी लिहिणाऱ्यालाही दिवस मावळल्याचे ठाऊक असते. गेल्या काही वर्षांत मात्र गद्याचा असा एक प्रकार रूढ झाला आहे, ज्यात लेखकाला पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होणार याचीही कल्पना नसते, आणि तरीही त्याला पूर्णविराम द्यावाच लागतो. क्रिकेटचा सामना चालू असताना चेंडूगणिक, वेळ घालून केलेल्या नोंदी हा तो प्रकार. तो साहित्य आहे की नाही या वादात मला शिरायचे नाही. काही वर्षे असे लेखन हौसेने केल्यामुळे त्याची कारागिरी थोडीफार कळली आहे, तेवढीच इथे मांडतो. उदाहरण घेतो ते मराठी वाचकाच्या मनात अजून ताजे असलेल्या एका सामन्याचे: २ एप्रिल २०११, वानखेडे स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध श्रीलंका. त्या दिवशी मी घरी दूरचित्रवाणीसमोर बसून पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत मराठीत नोंदी लिहिल्या.

या लेखनाला आपल्याकडे परंपरा आहे ती बोलण्याची. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत एक पिढी वाढली. पण बोलणाऱ्याला एक सवलत असते जी लिहिणाऱ्याला नसते. चेंडू हवेत असताना समालोचक वाक्य अर्धवट सोडू शकतो. त्याचा थांबलेला श्वासदेखील श्रोत्याला ‘अजून ठरलेले नाही’ एवढे सांगतो. लिहिलेल्या वाक्याला असा श्वास नसतो. ते वाचकापुढे येते तेव्हा पुरे झालेले असते, म्हणूनच ठाम वाटते. न ठरलेली गोष्ट न ठरलेलीच ठेवून ती पूर्ण वाक्यात कशी लिहायची, ही या प्रकाराची पहिली अडचण.

वानखेडेवरच्या त्या दिवशी ही अडचण पहिला चेंडू पडण्याआधीच समोर आली. धोनीने नाणे उडवले, संगकाराने काहीतरी पुकारले, आणि प्रेक्षकांच्या गदारोळात ते सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकूच आले नाही. काही क्षण नाणेफेक कोणी जिंकली याबद्दल मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसांमध्येच एकमत नव्हते. अखेर नाणे पुन्हा उडवले गेले, श्रीलंकेने नाणेफेक जिंकली आणि फलंदाजी घेतली. आज हे सारे एका वाक्यात सांगता येते. त्या वेळी मात्र तीन स्वतंत्र नोंदी कराव्या लागल्या. पहिली: ‘नाणे पडले आहे. संगकाराने काय पुकारले ते स्पष्ट नाही. निर्णय जाहीर झालेला नाही.’ दुसरी: ‘नाणेफेक पुन्हा होत आहे.’ तिसरी: ‘श्रीलंकेने नाणेफेक जिंकली, प्रथम फलंदाजी.’ यातली पहिली नोंद सर्वांत नीरस दिसते. प्रत्यक्षात तीच सर्वांत चुरशीची आहे. एका विश्वचषकाचा अंतिम सामना नाण्याच्या कोणत्या बाजूपासून सुरू होणार हे कुणालाच ठाऊक नाही, असा क्षण तिने अचूक पकडला. तिथे ‘धोनीने नाणेफेक जिंकलेली दिसते’ असे लिहिणे सोपे होते, पण तो अंदाज झाला असता, आणि वेळेच्या शिक्क्याखाली अंदाजही बातमीसारखाच दिसतो.

वेळेच्या शिक्क्याबद्दल थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण या लेखनात दोन वेळा एकत्र नांदतात. एक घड्याळाची, दुसरी चेंडूची. घड्याळाची वेळ सांगते, लेखकाने नोंद कधी प्रसिद्ध केली. चेंडूचा क्रमांक सांगतो, घटना कुठे घडली. या दोन्हींमध्ये नेहमीच अंतर असते. मैदानातून चित्र घरच्या पडद्यावर यायला काही सेकंद लागतात, पाहिलेले टंकायला आणखी काही, आणि वाचकापर्यंत पोचायला आणखी. म्हणून घड्याळाच्या वेळेवरून सामन्याचा क्रम लावू नये. तो चेंडूच्या क्रमांकावरूनच लावावा. पुढे मी माझ्या नोंदी उद्धृत करताना घड्याळाची वेळ गाळली आहे ती याच कारणाने.

चेंडूच्या क्रमांकाचेही व्याकरण आहे. ४८.२ याचा अर्थ साडेअठ्ठेचाळीसच्या अलीकडचा दशांश नव्हे. अठ्ठेचाळीस षटके पूर्ण झाली आणि एकोणपन्नासाव्या षटकाचा दुसरा चेंडू पडला, असा तो अर्थ. नो-बॉल किंवा वाईड पडला की तो चेंडू षटकाच्या सहांत मोजला जात नाही, त्यामुळे एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी ओळीने येतात आणि नवख्या वाचकाला चूक झाल्यासारखी वाटते. शिवाय क्रमांकासोबत डाव सांगणे आवश्यक असते. त्या अंतिम सामन्यात ६.१ या चेंडूवर झहीर खानने थरंगाला सेहवागकरवी झेलबाद केले, आणि संध्याकाळी ६.१ याच चेंडूवर मलिंगाने तेंडुलकरला बाद केले. डावाचा उल्लेख नसता, तर मागे जाऊन शोधणाऱ्याला एकाच क्रमांकाखाली एकदा आनंद आणि एकदा शोककळा सापडली असती.

आता प्रश्न वेळेच्या अंदाजपत्रकाचा. पन्नास षटकांचा डाव साडेतीन तासांत संपवायचा असतो. म्हणजे एका षटकाला सुमारे सव्वाचार मिनिटे, एका चेंडूला साधारण चाळीस सेकंद. आणि यात षटकांची अदलाबदल, पाणी, क्षेत्ररक्षणाची फेररचना हे सगळे धरलेले. फिरकी गोलंदाज लागला की चाळीसचे तीस होतात. एवढ्या वेळात पाहायचे, लिहायचे, पुन्हा वाचायचे आणि पुढचा चेंडू पाहायला मान वर करायची. साहजिकच नोंदीत कशाला आधी जागा द्यायची याचा क्रम हाताला सवयीचा असावा लागतो: गोलंदाज कोण, फलंदाज कोण, निष्पत्ती काय, मग चेंडू कसा होता आणि फटका कुठे गेला. रंग भरायचा तो उरलेल्या सेकंदांत.

इथे मराठीची एक गंमत आडवी येते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी. ‘मलिंगाच्या यष्टीबाहेरच्या, बाहेर जाणाऱ्या चेंडूवर ड्राइव्ह मारण्याच्या प्रयत्नात तेंडुलकर यष्टिरक्षक संगकाराकडे झेल देऊन बाद झाला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण श्वास रोखून पान पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या वाचकाला ते शेवटच्या दोन शब्दांपर्यंत ताटकळत ठेवते. वर्तमानपत्रांच्या धावफलकाने यावर तोडगा केव्हाच काढून ठेवला आहे. मी तोच वापरला:

‘दुसरा डाव, ६.१. बाद. तेंडुलकर झे. संगकारा गो. मलिंगा १८ (१४ चेंडू). यष्टीबाहेरचा, बाहेर जाणारा चेंडू. ड्राइव्ह, कड, झेल. वानखेडे गप्प. भारत २ बाद ३१. हव्यात २६३ चेंडूंत २४४.’

या नोंदीत विशेषण जवळपास नाही. त्या दिवशी तेंडुलकरच्या नावावर ९९ आंतरराष्ट्रीय शतके होती. शंभरावे त्याच्या घरच्या मैदानावर, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात व्हावे ही आस देशभर होती. (ते शतक प्रत्यक्षात झाले १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला.) ही आस वाचकाच्या मनात आधीच होती, मी ती लिहिली असती तर पुनरुक्ती झाली असती. ‘वानखेडे गप्प’ हे दोन शब्द मात्र वाचकाकडे नव्हते. ते ऐकूनच लिहावे लागले. चैतन्य येते ते अशा तपशिलातून, उद्गारचिन्हांतून नव्हे.

हा धडा मला शिकवला तो माझ्या मोठ्या मामांनी. ते हयातभर कारकुनी करत होते, पण त्यांचे खरे काम पावसाळ्यातले. कांगा लीगच्या सामन्यांना ते स्कोअरर म्हणून बसत; चिखलाने भरलेल्या मैदानांवर, ताडपत्रीखाली, वही भिजू नये म्हणून मांडीवर पंचा घेऊन. मी कॉलेजात असताना एकदा त्यांना वर्तमानपत्रातले एका सामन्याचे वर्णन मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले. ते ऐकून म्हणाले, “छान आहे. पण ‘जबरदस्त’ हा शब्द मी वहीतल्या कुठल्या चौकटीत लिहू?”

अंतिम सामन्याच्या दिवशी मामा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होते. त्यांच्या खोलीत दूरचित्रवाणी नव्हती. माझी मामेबहीण मोबाइलवर माझ्या नोंदी उघडून त्यांना वाचून दाखवत होती, आणि उशीला टेकून मामा पेन्सिलीने स्कोअरबुक भरत होते. हे तिने मला सकाळीच कळवले होते. त्यामुळे सामना माझ्यासाठी बदलून गेला. इतर वाचकांपाशी पडदा होता, रेडिओ होता, शेजारचा आरडाओरडा होता; माझ्या नोंदी त्यांच्या दृष्टीने जोडकाम होते. मामांच्या दृष्टीने मात्र मी लिहिले तेवढाच सामना घडत होता. एक चेंडू सुटला की त्यांच्या वहीत एक चौकट रिकामी, आणि एक चौकट रिकामी राहिली की पुढची सगळी पाने अविश्वासाची.

अशी वही भरणारा माणूस अचूकपणा तपासतो कसा, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही पाहण्यासारखे आहे. स्कोअरबुकमध्ये तीच गोष्ट दोन वेगळ्या बाजूंनी सांगितलेली असते, एकदा फलंदाजाच्या आणि एकदा गोलंदाजाच्या, आणि दोन्ही कथा जुळल्या पाहिजेत. श्रीलंकेच्या सहा बाद २७४ मध्ये जयवर्धनेच्या नाबाद १०३ धावांसह फलंदाजांच्या धावा २६२, अवांतर १२, बेरीज २७४. गोलंदाजांच्या रकान्यात दिलेल्या धावा २७०. उरलेल्या चार कुठे गेल्या? बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर चढत नाहीत. त्या दिवशी एक बाय आणि तीन लेगबाय होते. हिशेब जुळला. चेंडूंचा हिशेब याहून सुंदर आहे. पन्नास षटकांचे चेंडू ३००, पण श्रीलंकेच्या फलंदाजांनी खेळलेल्या चेंडूंची बेरीज ३०२ भरते. कारण डावात दोन नो-बॉल होते. नो-बॉल षटकात मोजत नाहीत, पण फलंदाजाने खेळलेला चेंडू म्हणून मोजतात. वाईड दोन्हीकडे मोजत नाहीत.

डाव संपल्यावर मधल्या वेळेत बहिणीचा फोन आला. तिने तो मामांच्या हाती दिला. आवाज अशक्त होता. “तीनशे दोन,” ते म्हणाले, “दोन नो-बॉल. जुळलं.” मी विचारले, “मामा, तुम्ही दमला नाहीत ना?” त्यावर ते म्हणाले, “दुसरा डाव लिही तू.” माझ्या लेखनावर आजवर जे अभिप्राय मिळाले त्यांत ‘जुळलं’ या शब्दाला मी सर्वांत वरची जागा देतो.

पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी ही अलीकडची आणखी एक परीक्षा. पूर्वी पंचाचे बोट वर गेले की नोंद पुरी होत असे. त्या विश्वचषकापासून स्पर्धेत निर्णयाला आव्हान देता येऊ लागले आणि ‘बाद’ हा शब्द दोन पायऱ्यांचा झाला. पहिल्या डावात युवराजच्या चेंडूवर समरवीराविरुद्ध पायचीतचे अपील झाले. मैदानावरच्या पंचांनी नाबाद ठरवले, भारताने दाद मागितली आणि निर्णय फिरला. दुसऱ्या डावात दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग पायचीत झाला. त्यानेही दाद मागितली, पण निर्णय कायम राहिला. दोन्ही प्रसंगी नोंद दोन टप्प्यांत केली: आधी ‘अपील, पंच: नाबाद, भारताकडून दाद, निकाल बाकी’, मग निकाल. पहिल्या टप्प्यात पंचांचे म्हणणे पंचांच्या नावावर ठेवायचे, आपल्या नाही. आणि निकाल आल्यावर पहिली नोंद पुसायची नाही. ती त्या क्षणी खरी होती. पुढची नोंद तिला खोटी पाडत नाही, पुढे नेते. स्कोअररने पेन्सिलीने हलकेच लिहून नंतर गडद करावे, तसे.

पुसण्याचा मोह सर्वांत प्रबळ होतो तो शहाणपण मागाहून सुचते तेव्हा. दुसऱ्या डावात गंभीर तिशीत असताना रणदीवच्या चेंडूवर लाँग ऑफला कुलसेकराच्या हातून त्याचा झेल सुटला. त्या क्षणी तो फक्त एक सुटलेला झेल होता. पुढे गंभीरने ९७ धावा केल्या, आणि मग मागे जाऊन त्या नोंदीत ‘हा झेल महागात पडणार’ असे चार शब्द घालणे किती सोपे! कोणाला कळणार? पण तसे केले की नोंदीवरची वेळ खोटी होते, आणि वेळ खोटी झाली की या प्रकारापाशी स्वतःचे असे काहीच उरत नाही. मागाहून लिहिलेला वृत्तान्त त्याहून चांगला असतोच.

याउलट, न कळलेल्या गोष्टीला न कळलेली म्हणून जागा दिली तर ती कायमची जिवंत राहते. २१.४ या चेंडूवर दिलशानने स्वतःच्याच गोलंदाजीवर कोहलीचा झेल घेतला. भारत ३ बाद ११४, हव्यात १७० चेंडूंत १६१. स्पर्धाभर तुफान खेळलेला युवराज येणार असे सगळेच धरून चालले होते. आला धोनी. मी लिहिले: ‘धोनी येत आहे, युवराज नाही. कारण माहीत नाही. खेळपट्टीवर आता डावरा-उजवा जोडी. श्रीलंकेकडे ऑफस्पिनर बरेच. हा माझा अंदाज.’ पुढे या निर्णयावर खूप लिहिले-बोलले गेले. मुरलीधरन आणि धोनी चेन्नईच्या संघात एकत्र खेळले होते, याचाही उल्लेख झाला. पण त्या मिनिटाचे खरे स्वरूप उत्तराचे नव्हते, प्रश्नाचे होते. ‘हा माझा अंदाज’ या तीन शब्दांनी मामांना सांगितले की हे वहीत लिहू नका, फक्त ऐका. तथ्य आणि तर्क यांच्यातली सीमा एकाच नोंदीत अशी आखता येते, आणि मग तर्कालाही मोकळेपणी खेळता येते. मला तर वाटते, सजीवपणाचे मोठे गुपित हेच आहे. लेखकाचा अंदाज वाचकाच्या अंदाजाशेजारी येऊन बसतो आणि दोघे मिळून वाट पाहतात.

आकडेही असेच बोलू शकतात, मात्र योग्य वेळी आणि एकेकटे आले तर. प्रत्येक चेंडूला आवश्यक धावगती लिहिली की ती भिंतीवरच्या घड्याळासारखी ऐकू येईनाशी होते. मी ती बळी पडल्यावर आणि षटक संपल्यावरच लिहीत असे. ४१.२ ला पेरेराने गंभीरचा त्रिफळा उडवला तेव्हा नोंदीचा शेवट असा झाला: ‘भारत ४ बाद २२३. हव्यात ५२ चेंडूंत ५२.’ मी काही घडवले नव्हते. बेरीज-वजाबाकीच अशी आली. पण एवढ्या समतोल आकड्यांपुढे ‘सामना रंगतदार अवस्थेत’ हे वाक्य लिहिण्याची इच्छाच उरली नाही.

शेवटच्या षटकांत चाळीस सेकंद अपुरे पडतात, कारण हात थरथरतो आणि वाचकही सारखा पान उघडत असतो. अशा वेळी नोंदी लांबवण्याची ओढ होते. त्या आखूडच कराव्यात. ४८.१ ला युवराजने एक धाव घेतली: ‘हव्यात ११ चेंडूंत ४.’ पुढची नोंद मी चेंडू जमिनीला लागेपर्यंत लिहिली नाही. चेंडू वर गेला, पडद्यावर धोनी बॅट रोखून पाहत राहिला, आणि तो लाँग ऑनवरून प्रेक्षकांत पडला तेव्हाच बोटे हलली:

‘दुसरा डाव, ४८.२. कुलसेकरा – धोनी. षटकार, लाँग ऑनवरून. भारत ४ बाद २७७. धोनी नाबाद ९१. दहा चेंडू राखून भारत विजयी.’

विश्वविजेते हा शब्द मी पुढच्या नोंदीत लिहिला. या नोंदीत तो बसला असता, पण मामांच्या वहीत त्यासाठी चौकट नव्हती, आणि त्यांना आधी चौकट भरू द्यायची होती. नंतर बहिणीने सांगितले की त्यांनी षटकाराचा सहा लिहिला, फलंदाजांचे चेंडू मोजले, २९० आले, अठ्ठेचाळीस षटके दोन चेंडूंशी ते ताडून पाहिले, या डावात एकही नो-बॉल नव्हता याची खातरजमा केली. आणि मगच चष्मा काढून डोळे पुसले.